लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही तेव्हा: दीर्घ आजारातला लोहाचा रिपोर्ट कसा वाचायचा

माझ्या ओपीडीत दर आठवड्याला एखादा तरी पेशंट एकच पिशवी घेऊन येतो. पिशवीत तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, रक्तवाढीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट असतात. तारखा वेगळ्या, आकडा तोच. गेल्या वर्षी केज तालुक्यातल्या एका बाईंनी अशीच पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, गोळ्या खाऊन शी काळी व्हायलीय, पोट दुखायलंय, पण रक्त काई वाढंना."

वय ४६, वजन ४८ किलो. सहा वर्षांपासून संधिवात, तोही सांधे वाकडे करणारा आमवात. दहा-बारा हंगाम ऊसतोडणीला गेलेल्या. सांधे धरले की मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायची, असं बरीच वर्षं चाललं होतं. हिमोग्लोबिन ८.८. तीन महिने रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत १०० मिलिग्रॅम लोह, आणि त्यानंतरचं हिमोग्लोबिन ८.९.

हिशेब करून पाहा. २०० मिलिग्रॅम रोज, ९० दिवस, म्हणजे १८ ग्रॅम लोह. माणसाच्या अख्ख्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्याच्या चौपटीहून जास्त लोह पोटात गेलं आणि रक्तात जवळपास काहीच उतरलं नाही. अशा वेळी गोळी बदलून दुसऱ्या कंपनीची देणं, डोस वाढवणं किंवा थेट सलाईनमधून लोह चढवणं या तिन्ही गोष्टी मी सर्रास होताना पाहते. चूक गोळीत नसते, रिपोर्ट वाचण्याच्या क्रमात असते. तो क्रम इथे देते. लिहिताना नवे डॉक्टर, इंटर्न आणि लॅबमधली मंडळी डोळ्यासमोर आहेत, पण घरातल्या माणसाचा रिपोर्ट हातात असलेल्या कुणालाही हे समजावं असा प्रयत्न आहे.

## १. आधी रोजची आवक-जावक डोक्यात पक्की करा

नवीन लाल पेशी बनवायला अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आतड्यातून रोज आत येतं ते फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं कुठून येतं? जुन्या पेशींमधून. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळतात, आतलं लोह सोडवून घेतात आणि परत रक्तात देतात. म्हणजे शरीर मुख्यतः जुन्या लोहावरच चालतं. अन्नातून येणारं लोह म्हणजे झालेल्या घटीची भरपाई.

अन्नातलं लोह शिरतं लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये. भाकरी-भाजीतलं लोह ज्या रूपात असतं ते तसंच आत जात नाही. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर आधी त्याचं रूप बदलतं आणि मगच डीएमटी-१ नावाच्या वाटेने ते पेशीत शिरतं. लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व इथे मदत करतं. चहा आणि बाजरी-ज्वारीतलं फायटेट इथे आडवं येतं.

मात्र पेशीत शिरलं म्हणजे रक्तात पोहोचलं असं नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. आतड्याच्या पेशीतून रक्ताच्या बाजूला जायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन. मॅक्रोफेजमधून लोह बाहेर पडायलाही तेच दार, आणि यकृताच्या पेशीतूनही तेच. आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह दार बंद असलं तर आतच फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात पडून राहतं. तीन-चार दिवसांत ती पेशी झडते आणि लोहासकट शौचावाटे निघून जाते.

दारातून बाहेर पडलेलं लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन उचलतं आणि अस्थिमज्जेकडे नेतं. कोणत्याही क्षणी या वाहनावर शरीरभरचं मिळून जेमतेम ३ मिलिग्रॅम लोह असतं. गरज मात्र दिवसाला २०-२५ ची. म्हणजे हा साठा दिवसातून सात-आठ वेळा भरतो आणि रिकामा होतो. म्हणून दार बंद झालं की रक्तातलं लोह काही तासांतच खाली येतं.

आमच्या भागातल्या माणसाला मी हे माजलगावच्या धरणावरून सांगते. धरणात किती पाणी आहे ते फेरिटिन सांगतं. पाटाला किती पाणी चाललंय ते ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिनचा किती टक्के भाग लोहाने भरलाय तो आकडा, सांगतो. पाट कोरडा आहे एवढ्यावरून धरण आटलं असं म्हणता येत नाही, दार बंद असू शकतं.

तपासून पाहा: "सीरम आयर्न कमी आहे" याचा अर्थ शरीरात लोह कमी आहे असा तुमच्या मनात आपोआप येत असेल, तर पुढे जाण्याआधी हा भाग पुन्हा वाचा.

## २. दार कोण लावतं ते ओळखा

दार लावणारा आहे हेप्सिडिन, यकृतात बनणारा २५ अमिनो आम्लांचा छोटासा हार्मोन. तो फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतो, पेशी मग ते दार आत ओढून घेते आणि मोडून टाकते.

शरीरात लोह भरपूर झालं की हेप्सिडिन वाढतं. लोह कमी पडलं किंवा मज्जेला पेशी बनवायची घाई झाली की ते घटतं आणि दारं उघडतात. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, त्यामुळे आत घेतानाच मोजून घ्यावं लागतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

हेप्सिडिन वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे दाह. संधिवात, टीबी, न भरणारी जखम, आतड्याचा दाह, कॅन्सर यांत इंटरल्यूकिन-६ हे रसायन वाढतं आणि ते यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं, मग लोहाचा साठा कितीही असो. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्गात लोह लपवून ठेवणं शरीराच्या फायद्याचं आहे. चार दिवसांच्या तापात त्याने काही बिघडत नाही. पण आमवात सहा वर्षं चालतो. सहा वर्षं दार लावलेलं राहिलं तर मॅक्रोफेजमध्ये लोह अडकून पडतं, आतड्यातून नवं येत नाही आणि मज्जा उपाशी राहते. यालाच दीर्घ आजारातला ॲनिमिया म्हणतात.

सगळा दोष हेप्सिडिनचा नाही. दाहामुळे मज्जेला लाल पेशी बनवायला सांगणारं, मूत्रपिंडाकडून येणारं एरिथ्रोपोएटिन गरजेपेक्षा कमी पडतं, मज्जा त्याला नीट प्रतिसाद देत नाही आणि लाल पेशींचं आयुष्यही थोडं घटतं. पण गोळी का लागू पडत नाही, याचं उत्तर हेप्सिडिनमध्येच आहे.

## ३. रक्त काढण्याआधीची तयारी

चुकीच्या वेळी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट कितीही नीट वाचला तरी दिशाभूल करतो. सीरम आयर्न दिवसभरात बरंच वर-खाली होतं, म्हणून सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. लोहाची गोळी चालू असेल तर निदान २४ तास आधी बंद ठेवा, शक्यतो दोन दिवस. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर सीरम आयर्न खोटंच वर दिसतं. लोहाचं सलाईन झालं असेल तर साधारण चार आठवडे थांबा, कारण तोवर फेरिटिनवर विश्वास ठेवता येत नाही.

आमच्याकडे नमुना गावातल्या केंद्रावर घेतात आणि मोटारसायकलवर किंवा एसटीने लातूर, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरला पाठवतात. उन्हाळ्यात हा प्रवास नमुन्याला बाधतो. लॅबवाल्यांना माझी विनंती आहे की सीरम तिथेच वेगळं करा आणि थंड पेटीत पाठवा. सीरम लालसर दिसत असेल तर लाल पेशी फुटल्या आहेत. तो नमुना टाकून द्या आणि पेशंटला पुन्हा बोलवा.

एकाच नमुन्यावर या तपासण्या मागवा: हिमोग्राम, नव्या लाल पेशी मोजणारं रेटिक्युलोसाइट, सीरम आयर्न, ट्रान्सफेरिनची लोह उचलायची एकूण क्षमता दाखवणारी टीआयबीसी, फेरिटिन, दाह दाखवणारी सीआरपी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. यातली सीआरपी लोक पैसे वाचवायला गाळतात. तिच्याशिवाय फेरिटिन वाचता येत नाही, त्यामुळे फेरिटिनचे पैसेही वाया जातात.

सावधान: चिकनगुनिया, न्यूमोनिया किंवा कसलाही ताप येऊन गेल्यावर लगेच लोहाचा रिपोर्ट काढू नका. तातडी नसेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

## ४. रिपोर्ट याच क्रमाने वाचा

पहिली पायरी, सीआरपी. दाह आहे की नाही हे आधी ठरवा. सगळे आधी सीरम आयर्न पाहतात आणि ते लाल अक्षरात दिसलं की गोळी लिहितात. सीरम आयर्न साध्या लोहाच्या कमतरतेतही कमी असतं आणि दीर्घ आजारातही. एकट्या त्या आकड्याने काहीच ठरत नाही.

दुसरी पायरी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागा आणि १०० ने गुणा. २० टक्क्यांच्या खाली म्हणजे मज्जेला लोह पुरत नाही. कारण अजून कळलेलं नाही.

तिसरी पायरी, टीआयबीसी. लोह खरंच संपलेलं असतं तेव्हा यकृत जास्त ट्रान्सफेरिन बनवतं आणि टीआयबीसी वर जाते, बऱ्याचदा ४०० च्या आसपास किंवा पुढे. दाहात ती खाली येते किंवा मध्यावर राहते. पण कुपोषण आणि यकृताच्या आजारातही ती घटते, हे लक्षात असू द्या.

चौथी पायरी, फेरिटिन. ते साठा दाखवतं, पण दाहातही वाढतं. सीआरपी नॉर्मल असताना फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे, इतकं सोपं. सीआरपी वाढलेली असताना मोजपट्टी बदलते. तेव्हाही ३० च्या खाली आलं तर कमतरता नक्की. ३० ते १०० मध्ये आलं आणि सॅच्युरेशन २० च्या खाली असेल, तर बहुधा दोन्ही आजार एकत्र आहेत. १०० च्या वर असेल तर दीर्घ आजाराचा ॲनिमिया मुख्य धरा, पण त्याखाली कमतरता दडलेली नाही असं छातीठोकपणे सांगू नका.

लॅबच्या छापील रेंजमध्ये बाईंचं फेरिटिन १३ किंवा १५ पासून नॉर्मल असतं. त्यामुळे सीआरपी ५० आणि फेरिटिन ६० असलेला रिपोर्ट काळ्या अक्षरात, "नॉर्मल" म्हणून येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही छापील रेंज करते.

पाचवी पायरी, लाल पेशीचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही आणि रेटिक्युलोसाइट. दीर्घ आजारात पेशी बहुधा नेहमीच्या आकाराच्या असतात, आजार फार वर्षं चालला तर थोड्या लहान. एमसीव्ही ७० च्या खाली गेला तर थांबा आणि खरी कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर शोधा. थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन कमी असूनही लाल पेशींची संख्या भरपूर असते.

हेप्सिडिन थेट मोजता येतं, पण नेहमीच्या लॅबमध्ये नाही आणि वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वरच्या पाच पायऱ्यांतूनच त्याचा अंदाज घ्यायचा.

## ५. त्या बाईंचा पहिला रिपोर्ट

हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ८१, रेटिक्युलोसाइट कमी. सीरम आयर्न २९, टीआयबीसी २४२, फेरिटिन १४८. सीआरपी ५२. क्रिएटिनिन नॉर्मल.

क्रमाने जाऊ. सीआरपी ५२ म्हणजे दाह जोरात आहे. २९ भागिले २४२ म्हणजे १२ टक्के, मज्जा उपाशी आहे. टीआयबीसी वर गेलेली नाही, उलट खाली आहे. फेरिटिन १४८, म्हणजे लोह आत आहे पण अडकलेलं आहे. १८ ग्रॅम लोह वाया का गेलं ते इथे कळलं. सांध्यांतल्या दाहाने हेप्सिडिन वाढवलं आणि आतड्याचं दार लावलं.

तरी एक गोष्ट मला खटकत होती. सीआरपी ५२ असताना फेरिटिन १४८ म्हणजे फार नाही. एवढ्या दाहात निव्वळ साठा अडकला असता तर मला याहून मोठा आकडा अपेक्षित होता. त्यात वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्लेल्या. गर्भपिशवी आठ वर्षांपूर्वी काढलेली, त्यामुळे पाळीतून रक्त जाण्याचा प्रश्न नव्हता. रक्त जात असेल तर ते पोटातूनच.

## ६. उपचार: आधी दार, मग लोह

लोहाची गोळी मी त्याच दिवशी थांबवली. बाईंना ते पटेना. "रक्त कमी हाय म्हणताव, आन् गोळी बंद करताव?" मी धरणाची गोष्ट सांगितली. तेव्हा त्यांच्या मुलाने मान हलवली.

दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं आणि मूळ आजारावरचं औषध, मेथोट्रेक्सेट, नियमित सुरू झालं. ते आधीही लिहिलेलं होतं, पण तोडणीला गेलं की बंद पडायचं.

सावधान: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर मज्जाच मारली जाते. पाकिटावर वार लिहा, "दर रविवारी" असा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगा. सोबत फॉलिक ॲसिड हवंच.

औषध वाढवण्याआधी छातीचा एक्स-रे काढला. आमच्या भागात टीबी विसरून चालत नाही, आणि टीबी असता तर फेरिटिन-सीआरपीचा हाच नमुना दिसला असता. गॅस्ट्रोस्कोपीत जठरात दोन छोटे व्रण सापडले. त्यांचे उपचार सुरू झाले.

लोहाचं सलाईन तेव्हाच का दिलं नाही, असं मला एका इंटर्नने विचारलं. सलाईन आतड्याचं दार टाळतं हे खरं. पण शिरेतून गेलेलं लोह आधी मॅक्रोफेजच गिळतात आणि तिथून बाहेर पडायला तेच फेरोपोर्टिनचं दार लागतं. म्हणून जोराच्या दाहात सलाईनचा काही भाग लागू पडतो आणि काही आत अडकतो. कमतरता सिद्ध झालेली असेल आणि थांबायला वेळ नसेल, तर सलाईन योग्यच आहे. जंतुसंसर्ग जोरात असताना मात्र ते देऊ नये.

हे मनानं करू नका: हा लेख वाचून घरी लोहाची गोळी बंद करू नका. गरोदर बाई, पाळीत जास्त रक्त जाणारी बाई आणि वाढत्या वयाची मुलगी यांचा हिशेब वेगळा आहे.

## ७. चार महिन्यांनी: दुसरा रिपोर्ट पहिल्याहून महत्त्वाचा

इथेच बरेच जण थांबतात. हिमोग्लोबिन वाढलं, सांधे मोकळे झाले, मग फाइल बंद.

बाईंचं हिमोग्लोबिन १०.७ झालं होतं, लोहाची एकही गोळी न घेता. १.८ ग्रॅमची ही वाढ कुठून आली? ४८ किलोच्या बाईच्या अंगात साधारण ३.१ लिटर रक्त असतं. प्रत्येक डेसिलीटरमागे १.८ ग्रॅम म्हणजे एकूण ५६ ग्रॅम हिमोग्लोबिन. एका ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे सुमारे १९० मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं बहुतेक त्यांच्याच मॅक्रोफेजमध्ये अडकलेलं होतं. दार उघडलं आणि ते बाहेर आलं.

बाकीचे आकडे पाहा. सीआरपी ६. सीरम आयर्न ३८, टीआयबीसी ३८६, म्हणजे सॅच्युरेशन १० टक्के. फेरिटिन २२. एमसीव्ही ७७.

हिमोग्लोबिन वाढलं, पण सॅच्युरेशन १२ वरून १० वर आलं. टीआयबीसी २४२ वरून ३८६ वर गेली. फेरिटिन १४८ चं २२ झालं. हा रिपोर्ट आता दीर्घ आजाराचा राहिलेला नाही, साध्या लोहाच्या कमतरतेचा आहे. दाहाने फुगवलेलं फेरिटिन उतरलं, आतलं लोह वापरून झालं आणि खाली धरणाचा तळ दिसला. व्रणांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं गेलेलं रक्त हे त्याचं कारण. पहिल्या रिपोर्टात खटकलेली गोष्ट ही होती.

तपासून पाहा: दाह उतरल्यावर फेरिटिन आणि टीआयबीसी पुन्हा काढली का? काढली नसेल तर पेशंटचा अर्धाच आजार बरा झालेला असू शकतो.

## ८. आता गोळी, पण घ्यायची कशी

आधी निरुपयोगी ठरलेली तीच गोळी आता लिहिली. कंपनी तीच, डोस चौथा हिस्सा: १०० मिलिग्रॅमची एक, एक दिवसाआड, सकाळी.

दिवसाआड का? निरोगी माणसातही ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लोह एका वेळी घेतलं की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण दिवसभर वाढलेलं राहतं. त्या काळात घेतलेली दुसरी गोळी निम्म्या बंद दारावर जाऊन आदळते. पोटदुखी आणि बद्धकोष्ठ मात्र पूर्ण देते. ४८ तासांनी हेप्सिडिन खाली येतं. सकाळ-संध्याकाळ गोळी देण्याची सवय आपण सोडायला हवी.

गोळी उपाशीपोटी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. आधी आणि नंतर किमान एक तास चहा नको. आमच्याकडे उठल्याबरोबर चहा लागतो, म्हणून मी गोळीची वेळ चहाच्या वेळेवरून ठरवते: गोळी आधी, चहा तासाभराने. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर लोहाचं शोषण थोडं घटतं, त्यामुळे व्रण भरले की ती बंद करायची तारीख चिठ्ठीवर लिहून ठेवा. कॅल्शियमची गोळी रात्री.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पाहिलं तेव्हा ते एक ग्रॅमने वाढून ११.७ होतं. इथे वाढ दिसली नसती तर मी तीन गोष्टी विचारल्या असत्या: गोळी खरंच घेताय का, रक्त अजून जातंय का, आणि सीआरपी पुन्हा वर गेली का? तिसरा प्रश्न हमखास विसरला जातो. तोडणीच्या हंगामात मेथोट्रेक्सेट सुटलं की सांधे सुजतात, सीआरपी वाढते आणि चालू असलेली गोळी एकाएकी निकामी होते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३, सॅच्युरेशन २४ टक्के, फेरिटिन ५८, सीआरपी ५. साठा पुरेसा भरावा म्हणून गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली. दिवाळीनंतर त्यांची टोळी कारखान्यावर निघाली तेव्हा सहा महिन्यांच्या मेथोट्रेक्सेटच्या पाकिटांवर मुलाने स्वतःच्या हाताने "रविवार" लिहून घेतला होता. फेब्रुवारीत जवळच्या लॅबमधून फक्त हिमोग्राम आणि सीआरपी काढून फोटो पाठवायचा, एवढं ठरलं.